कॉलवरचे ॲक्सेंट कळायला कान तयार करायचाय: सबटायटल्स, एकच आवाज की बरेच आवाज?

मेल वाचता येतात, डॉक्युमेंट लिहिता येतात, पण कॉलवर समोरचा सुरू झाला की पहिली दोन वाक्यं निसटतात आणि मग पुढचं सगळं अंदाजाने चालतं, अशी ज्यांची अडचण आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. त्यासाठी लोक साधारण तीन रस्ते धरतात. एक, सबटायटल्स लावून त्या देशाच्या मालिका-सिनेमे बघणं. दोन, ज्याचं बोलणं कळत नाही त्याच माणसाचं रेकॉर्डिंग घेऊन तुकडे ऐकून लिहून काढणं. तीन, एकाच ॲक्सेंटचे किंवा वेगवेगळ्या ॲक्सेंटचे बरेच आवाज ऐकणं. तिन्हींचा उपयोग आहे पण तिन्हींनी मिळतं ते वेगवेगळं, आणि चुकीचा रस्ता धरला की महिनोन्महिने ऐकूनही कॉलवर परिस्थिती तीच राहते.

आधी अडतं नेमकं कुठे ते बघू, न्यूझीलंडचं उदाहरण घेऊन, कारण तिथे ते फार स्वच्छ दिसतं. समजा तिकडची टीम लीड म्हणाली, "वुई'ल सेंड द टेस्ट लिस्ट बाय टेन." आपल्या कानाला ते साधारण "वुल सिंड द टिस्ट लस्ट बाय टिन" असं येतं. यात ती भराभर बोलत नाहीये आणि शब्दही खात नाहीये. झालंय असं की तिच्या बोलण्यात तीन स्वर रांगेने एकेक घर सरकलेत. बॅग मधला ॲ सरकून बेग सारखा झाला, मग रेड मधला ए सरकून रिड सारखा झाला, आणि मग सिक्स मधल्या इ ला जागा उरली नाही म्हणून तो मागे अ कडे गेला, सक्स. हे एकदा लक्षात आलं की "बेक इंड" म्हणजे बॅक एंड आणि "चिक अन" म्हणजे चेक इन हे कानाला आपोआप लागायला लागतं. म्हणजे पाचशे शब्द वेगळे पाठ करायचे नाहीयेत, तीन स्वरांचं सरकणं पकडायचंय, आणि जो सराव हे सरकणं पकडायला मदत करतो तोच कामाचा. तिन्ही रस्ते मी याच मापाने मोजतो.

सबटायटल्सचं आधी घेतो कारण बहुतेकजण तिथूनच सुरुवात करतात. यात सगळ्यात मोठा फरक सबटायटल्स कुठल्या भाषेत आहेत याने पडतो. 2009 साली होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन या संशोधकांनी डच लोकांवर प्रयोग केला होता, त्यांना स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन इंग्रजीतले व्हिडिओ दाखवले, काहींना इंग्रजी सबटायटल्ससकट, काहींना डच सबटायटल्ससकट आणि काहींना सबटायटल्सशिवाय. इंग्रजी सबटायटल्सवाल्यांना त्याच माणसाची न ऐकलेली नवीन वाक्यंही जास्त चांगली कळायला लागली, आणि डच सबटायटल्सवाले नवीन वाक्यांच्या बाबतीत काहीच न लावणाऱ्यांपेक्षाही मागे पडले. कारण सरळ आहे, रिड ऐकताना खाली इंग्रजीत रेड लिहिलेलं दिसलं तर कान त्या आवाजाला त्या शब्दाशी बांधतो, आणि खाली "लाल" लिहिलेलं दिसलं तर अर्थ कळून जातो आणि आवाजाकडे लक्ष द्यायची गरजच उरत नाही. म्हणून मराठी किंवा हिंदी सबटायटल्स लावून बघणं ही करमणूक म्हणून ठीक आहे, पण कानाच्या सरावात ती धरू नका. आणि इंग्रजी लावाल तेव्हाही बघून घ्या की जे बोललं जातंय तेच शब्दाला शब्द लिहिलंय ना, कारण बऱ्याच ठिकाणी वाक्य आखूड करून टाकलेलं असतं आणि मग बांधणी चुकीच्या शब्दाशी होते.

या रस्त्याची मर्यादा अशी की मालिकेतला विषय तुमच्या कामाचा नसतो, आवाज स्टुडिओतला असतो, आणि चित्र बघून अर्धा अर्थ लागतो. सुरुवातीची भीती घालवायला आणि चालीची सवय व्हायला छान आहे, बस तेवढंच.

दुसरा रस्ता, एकाच माणसाचं रेकॉर्डिंग, हा कंटाळवाणा आहे पण माझ्या मते नोकरी करणाऱ्या माणसाला सगळ्यात लवकर फळ देणारा हाच. तुमचा मॅनेजर किंवा क्लायंट रोज तोच असेल तर मालिकेतल्या स्कॉटिश माणसापेक्षा तुमचा स्कॉटिश माणूस कळणं महत्त्वाचं. रेकॉर्डिंग मात्र कंपनीच्या परवानगीने झालेलंच वापरा आणि कंपनीच्याच सिस्टिममध्ये ऐका, स्वतःच्या फोनवर कॉपी करून घेऊ नका.

करायचं असं: 20 ते 30 सेकंदांचा तुकडा घ्या ज्यात तो माणूस सलग बोलतोय. दोनदा न थांबवता ऐका, मग थांबवत थांबवत जे ऐकू येतं ते लिहा, अर्थ लागत नसला तरी जसं ऐकू आलं तसं देवनागरीत लिहून ठेवा, हे फार कामाला येतं कारण "टिस्ट" असं लिहिलेलं दिसलं की सरकलेला स्वर डोळ्यांसमोर येतो. मग बरोबर मजकूर मिळवा, ऑटोमॅटिक कॅप्शनवर विसंबू नका कारण अनोळखी ॲक्सेंटमध्ये तेही चुकतं, त्या मीटिंगला असलेल्या सहकाऱ्याला विचारलं तर तो दोन मिनिटांत सांगेल. आणि मग चुका तपासताना प्रत्येक चुकीला एक कारण द्या: स्वर बदलला होता, शब्दाचं शेपूट गेलं होतं, दोन शब्द जोडले गेले होते, की मुळात तो शब्द किंवा शॉर्टफॉर्मच मला माहीत नव्हता.

ही शेवटची वर्गवारी लोक करत नाहीत आणि तिथेच फसतात. अनेकांचं असं निघतं की निम्म्या चुका ॲक्सेंटच्या नसतातच, प्रोजेक्टमधली नावं आणि शॉर्टफॉर्म माहीत नसतात. त्याला कान तयार करून उपयोग नाही, शॉर्टफॉर्मची यादी मागून घ्या. आणि जोडलेल्या शब्दांच्या चुका जास्त असतील, म्हणजे "डिड यू वाँट टू" चं "जुवाना" होणं वगैरे, तर तेही ॲक्सेंटपेक्षा वेगाचं प्रकरण आहे, ते जवळजवळ प्रत्येक ॲक्सेंटमध्ये भेटेल.

शेवटी तोच तुकडा बरोबर मजकूर बघत पुन्हा ऐका आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाचा *वेगळा* तुकडा मजकुराशिवाय ऐका. वेगळा यासाठी की तोच तुकडा दहा वेळा ऐकला तर तो पाठ होतो आणि आपल्याला वाटतं कान सुधारला. नवीन तुकड्यात चुका कमी झाल्या तरच सुधारला समजा.

आता याची मोठी मर्यादा. 2008 साली ॲन ब्रॅडलो आणि टेसा बेंट यांनी अमेरिकन श्रोत्यांना चिनी ॲक्सेंटचं इंग्रजी ऐकवून बघितलं. ज्यांनी एकाच माणसाचं ऐकलं त्यांना तो माणूस चांगला कळायला लागला, पण त्याच ॲक्सेंटचा दुसरा माणूस आला की फायदा दिसेना. ज्यांनी त्याच ॲक्सेंटचे बरेचजण ऐकले त्यांना नवीन माणूसही कळला. 2013 मध्ये पुढचा प्रयोग झाला त्यात पाच वेगवेगळे परदेशी ॲक्सेंट ऐकवले तर कधीच न ऐकलेला ॲक्सेंटही थोडा जास्त कळायला लागला. श्रोते मातृभाषा इंग्रजी असलेले होते, त्यामुळे आपल्याला तितक्याच प्रमाणात फायदा होईल असं मी म्हणणार नाही, पण दिशा तीच. एकच आवाज ऐकला की कान त्या माणसाच्या लकबी आणि ॲक्सेंट यांची गल्लत करतो, बरेच आवाज ऐकले की सगळ्यांत सारखं काय आहे ते वेगळं निघतं.

म्हणून सपोर्ट डेस्कवर असाल, रोज नवीन माणसाचा फोन येत असेल, तर तिसरा रस्ता धरा. त्यासाठी जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीचं स्पीच ॲक्सेंट आर्काइव्ह फुकट आहे, जगभरातल्या हजारांच्या वर लोकांनी तिथे तोच 69 शब्दांचा परिच्छेद वाचलाय, "प्लीज कॉल स्टेला" असा सुरू होणारा. मजकूर पाठ झाला की उलट बरंच, कारण शब्द ओळखायची कटकट संपते आणि सगळं लक्ष आवाजावर जातं. त्यातले "थ्री रेड बॅग्ज" एवढेच तीन शब्द एकेका देशाच्या चार-पाच लोकांकडून ऐकून बघा. न्यूझीलंडवाल्यांकडे रिड बेग्ज, बऱ्याच आयरिश लोकांकडे थ्रीचं ट्री च्या जवळ जाणारं काहीतरी, स्कॉटिश लोकांकडे ठसठशीत र, जर्मन लोकांकडे शेवटच्या ग-झ चं क-स. पण हे सगळं वाचन आहे, सावकाश आणि नीट, त्यामुळे फक्त यावर थांबलात तर कॉलवरचं घाईतलं बोलणं परत निसटेल. आठवड्यातला थोडा वेळ खऱ्या गप्पांच्या पॉडकास्टला द्याच, तोही दोन-तीन पाहुणे असलेल्या.

माझा सल्ला विचाराल तर: माणसं ठरलेली असतील तर दुसरा रस्ता, माणसं बदलती असतील तर तिसरा, आणि कुठल्याच ॲक्सेंटची सवय नसेल तर आधी दोन-तीन आठवडे इंग्रजी सबटायटल्स आणि मग वरच्यापैकी एक. तिन्ही एकदम सुरू करू नका, कुठल्याने फरक पडला ते कळत नाही.

दोन गोष्टी मात्र कुठल्याच रस्त्याने सुटत नाहीत, त्या वेगळ्या सांगतो. पहिली म्हणजे लाइन. साधी जुनी फोन लाइन 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज नेते, आणि स आणि फ मधला फरक बराचसा त्याच्या वर असतो, म्हणजे तो आवाज तुमच्यापर्यंत पोचतच नाही. समोरचा डायल-इन करून येत असेल तर त्याला इंटरनेटवरून जॉइन व्हायला सांगा, कधी कधी निम्मा ॲक्सेंट तिथेच सुटतो.

दुसरी म्हणजे कॅन आणि कान्ट. अमेरिकन बोलण्यात कॅन्ट मधला ट बऱ्याचदा गिळला जातो, आणि फरक स्वरात राहतो: होकार असेल तर घाईतलं "कन", नकार असेल तर भरीव "कॅन". हे माहीत असलं की बऱ्याच वेळा बरोबर कळतं, पण जोर देऊन हो म्हणतानाही कॅन भरीवच येतो, म्हणून डेडलाइनचा प्रश्न असेल तर अंदाज बांधू नका. फिफ्टीन आणि फिफ्टीचंही तेच. "सो दॅट्स अ नो, राइट?" किंवा "वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झीरो?" असं लगेच विचारा. "पार्डन?" विचारलं तर तो तेच वाक्य त्याच स्वरांत पुन्हा म्हणणार, दोन पर्याय समोर ठेवून विचारलं तर उत्तर वेगळ्या शब्दांत येतं.