अमेरिकेचा निकाल सोलापुरात 'डायरेक्ट वसूल' करून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा

एकूण 3,35,000 रुपये गेले. त्यातले 2,75,000 त्या 'रिकव्हरी कन्सल्टंट'च्या फीचे आणि 60,000 कागदपत्रं, अपोस्टिल, नोटरी वगैरेचे. पावती फक्त 1,00,000 ची, तीही 'सल्ला शुल्क' म्हणून. नाव लिहीत नाही, वकिलांनी बजावलंय. पण पद्धत सांगतो, कारण टॉवेल-चादरीच्या धंद्यातल्या आणखी दोघांकडे हा माणूस जाऊन आलाय.

माझ्या मेहुण्याचं न्यू जर्सीत टॉवेलचं होलसेल आहे. त्याने 2019 साली आपल्या एमआयडीसीतल्या एका कारखानदाराला 42,500 डॉलर अॅडव्हान्स पाठवला. माल आला तो ठरल्यापेक्षा निम्म्या वजनाचा, एका धुण्यात सूत बाहेर. पुढचं तुम्हाला माहीत आहे, फोन उचलायचे बंद. करारात वाद न्यू जर्सीच्या कोर्टात चालेल असं कलम होतं, म्हणून मेहुण्याने तिकडे दावा लावला. रीतसर समन्स मिळूनही कारखानदार फिरकलाच नाही. 14 मार्च 2022 ला खर्चासह 46,180 डॉलरचा एकतर्फी निकाल लागला. आता हा निकाल सोलापुरात वसूल करायचा, आणि मुखत्यारपत्र माझ्या नावावर.

जुलै 2023 मध्ये हा इसम भेटला. म्हणाला, "काका, नवा दावा कशाला? दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 44अ आहे. परदेशी निकाल जिल्हा कोर्टात दाखल करायचा, तो आपल्याच कोर्टाचा हुकूमनामा समजून वसुलीची दरखास्त चालते. बेलिफ थेट कारखान्यावर." पुरावा म्हणून त्याने एका दरखास्तीतला आदेश दाखवला, झेरॉक्स. दुबईच्या कोर्टाचा निकाल होता आणि इथे जप्तीचा हुकूम निघालेला. कागद खरा होता, हे मी नंतर खात्री करून घेतलं.

इथेच खरं तर सगळं संपायला हवं होतं. त्या झेरॉक्सच्या पहिल्याच पानावर 17 जानेवारी 2020 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेचा उल्लेख होता. मी स्वतः बोट ठेवून विचारलं, "यात अमेरिका कुठंय?" तो हसला. "दुबई आत्ता आत्ता आली काका, म्हणून तिला गॅझेट लागलं. अमेरिका जुनी, तिला लागत नाही." चहाचा कप खाली ठेवून त्याने लगेच फीचा विषय काढला. आता मला सांगा, माग चालवणाऱ्या माणसाने गॅझेट कुठून वाचायचं? उत्तर इतक्या सहज आलं की समोर बसलेल्या दोन शिकलेल्या माणसांनीही मान डोलावली.

खरी गोष्ट बरोबर उलटी आहे. 44अ ची सवलत केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या देशांनाच मिळते, आणि जाहीर करायचं कारण म्हणजे तो देशही आपल्या कोर्टाचे हुकूमनामे तसेच राबवतो. ही परस्परांची देवघेव आहे, देशाच्या वजनाशी तिचा संबंध नाही. ब्रिटन, सिंगापूर, हाँगकाँग, मलेशिया, न्यूझीलंड, बांगलादेश यादीत आहेत, आणि 2020 पासून संयुक्त अरब अमिरात. अमेरिका नाही. तिकडे निकाल मान्य करण्याचे कायदे राज्याराज्यांचे वेगळे आहेत आणि या विषयावर दोन देशांत करार नाही. म्हणजे आपल्या बांगलादेशी गिऱ्हाइकाच्या कोर्टाला जी सोय आहे, ती न्यू जर्सीच्या कोर्टाला नाही.

यादीबाहेरच्या देशाचा निकाल अगदीच रद्दी असतो असं नाही. पण त्यावर इथे नवा दावा लावावा लागतो, परदेशी निकाल हाच त्या दाव्याचा आधार. त्याला मुदत निकालाच्या तारखेपासून तीन वर्षं, आणि कोर्ट फी मागणीच्या रकमेवर. दरखास्तीत असली फी नसते, म्हणूनच "स्वस्तात होतंय" हे ऐकायला गोड लागतं.

डिसेंबर 2024 मध्ये दरखास्त फेटाळली गेली. समोरच्या वकिलाने राजपत्राची प्रत पुढे केली आणि दोन मिनिटांत विषय संपला. आमची मुदत संपायला जेमतेम तीन महिने उरले होते. चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे घालवलेला वेळ वगळून मागता येतो, पण तो मिळेलच असं नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये धावपळ करून दावा लावला.

कन्सल्टंटविरुद्ध पोलिसांत गेलो. "हे दिवाणी आहे, वकील करा." अहो, दिवाणीच्याच नावाखाली फसवलंय ना! तक्रार अर्ज घेतला, पोच दिली नाही. मग वर अर्ज केला, तर तो खाली त्याच टेबलावर आला. एका सरकारी पोर्टलवर तक्रार केली, ती 'संबंधित विभागाकडे वर्ग' होऊन 'निकाली' निघाली. निकाल काय लागला हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. त्याच्याकडे वकिलीची सनद आहे का, हेही कुणी पाहायला तयार नाही. सनद नसलेला माणूस कोर्टाच्या कामाचे पैसे घेतो, याला इथे गुन्हा म्हणायला कुणाची जीभ वळत नाही. दरखास्तीवर सही दुसऱ्याच वकिलाची होती, आणि ते म्हणतात, "मला फक्त सही करायला सांगितलं." बघा की!

तुमच्यावर वेळ आली तर पहिला प्रश्न एकच विचारा, "या देशाचं राजपत्र दाखव." तारीख आणि कोर्टांची नावं त्यात असतात. दाखवता आलं नाही तर उठा.

आमच्या दाव्यात समोरच्याने आता दुसरा बचाव काढलाय, आणि तो जास्त घातक आहे. त्याच दिवाणी संहितेच्या कलम 13 प्रमाणे परदेशी निकाल गुणदोषांवर दिलेला हवा. आमचा निकाल समोरचा हजर नाही म्हणून नुसत्या प्रतिज्ञापत्रावर कार्यालयीन पातळीवर नोंदला गेला होता, साक्ष-पुरावा काहीच नाही. असा एकतर्फी निकाल इथे टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली इंटरनॅशनल वूलन मिल्स प्रकरणात सांगितलंय. तिकडे कुणाचा दावा चालू असेल तर समोरचा येवो न येवो, चलन, पावत्या, मालाचा तपासणी अहवाल कोर्टापुढे ठेवा आणि न्यायाधीशांनी तो वाचून कारणं लिहिलेला निकाल मागा. कारखानदार तिकडे फिरकला नाही तो आळसाने नव्हे, हे मला आता कळतंय.

आणि नवे करार करणाऱ्यांनो, वाद अमेरिकन कोर्टात नको, लवादात ठेवा. अमेरिकेतला लवादाचा निवाडा न्यूयॉर्क करार नावाच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली आपल्या उच्च न्यायालयात थेट राबवता येतो, त्यासाठी अमेरिका राजपत्रात आहे. त्याच देशाच्या कोर्टाचा निकाल मात्र चालत नाही. ही गंमत मला 3,35,000 गेल्यावर समजली.

दरखास्तीच्या काळात कारखानदाराने चार माग मुलाच्या नव्या फर्मच्या नावावर केले. आम्ही दिवाणी संहितेच्या आदेश 38 नियम 5 खाली निकालापूर्वीच्या जप्तीचा अर्ज दिलाय. त्यासाठी मालमत्ता आमचे पैसे बुडवण्याच्या हेतूनेच हलवतोय हे दाखवावं लागतं. हस्तांतराची बिलं आणि त्या फर्मच्या जीएसटी नोंदणीची तारीख जोडली आहे. अर्जावर अजून आदेश झालेला नाही.