माणशी प्रमाणाची पूजासाहित्य यादी: गणपती ते संक्रांत, पाच महिन्यांचा अनुभव

ठाण्यातल्या एका पूजासाहित्याच्या दुकानातून ही छापील यादी मी गणपतीच्या आधी घेतली. घरातली माणसे मोजायची आणि प्रत्येक वस्तूच्या प्रमाणाला त्या आकड्याने गुणायचे, अशी तिची रीत आहे. आम्ही सहा जण आहोत आणि आमचा गणपती पाच दिवसांचा असतो. गणपतीला यादीवर पूर्ण विसंबून खरेदी केली, तेव्हा सहा जानवी, तीस सुपाऱ्या आणि विड्याच्या पानांची मोठी गड्डी घरी आली. पाने तिसऱ्या दिवशी कडांनी काळी पडून चिकट झाली आणि दूर्वा मात्र दुसऱ्याच दिवशी संपल्या.

चूक गुणाकाराच्या पायात आहे. जानवे, वस्त्र आणि विडे मूर्तीसाठी असतात, घरातल्या माणसांसाठी नव्हेत. दूर्वा आणि कापूर दिवसांवर व आरत्यांवर ठरतात: रोज २१ दूर्वांची एक जुडी धरली तर पाच दिवसांच्या पाच जुड्या झाल्या, आणि सकाळ-संध्याकाळ मिळून दहा आरत्यांना प्रत्येकी दोन वड्या धरल्या तर कापराच्या वीस वड्या पुरतात. समईच्या तेलाचे मी स्वतः मोजून पाहिले; आमच्या एका वातीला रात्रंदिवस मिळून साधारण १०० मिलि तेल लागते, म्हणून नवरात्रातल्या अखंड दिव्यासाठी एक लिटरची पिशवी नेमकी पुरली.

माणशी हिशेब खरा ठरतो तो मंत्रपुष्पांजलीची फुले, अक्षता, तीर्थ आणि प्रसाद यांत. तरीही मोदकांत यादी दोनदा मोजते: नैवेद्याचे २१ आणि माणशी ४ असे ४५ मोदक ती सांगते. नैवेद्याचेच मोदक पुढे प्रसाद म्हणून वाढले जातात, त्यामुळे आम्हांला २४ पुरले. एका मध्यम नारळाचा चव सुमारे दोन वाट्या निघतो, त्यात एक वाटी गूळ घातला की अकरा-बारा मोदकांचे सारण होते. म्हणजे दोन नारळ, आणि एखादा नासका निघेल म्हणून तिसरा.

फुले व दूर्वा मी जांभळी नाक्यावरून दोन खेपांत आणते, आदल्या संध्याकाळी आणि तिसऱ्या दिवशी सकाळी. जुडीचा दोरा सैल करून आतली पाती पाहावीत, कारण बाहेरून हिरवी दिसणारी जुडी मध्ये पिवळी असते. घरी ती ओल्या सुती फडक्यात गुंडाळली की टिकते. दादरच्या फुलबाजाराचा फेरा मोठ्या आराशीसाठीच परवडतो. कापूर, सुपारी आणि वाती आठवडाभर आधी घेऊन ठेवता येतात.

लक्ष्मीपूजनाच्या लाह्या-बत्ताशांना माणशी प्रमाण ठीक बसले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र वाण आणि तिळगूळ येणाऱ्या बायकांच्या संख्येवर ठरतात, आणि त्यासाठी यादीत रकानाच नाही. मी तो हाताने आखला असून शेजारी ‘दिवस’ आणि ‘आरत्या’ असे आणखी दोन रकाने जोडले आहेत.