२४ जिओफोनचा सेट, सात महिन्यांनंतर: व्हीएस३० येतो, पण कुठून येतो ते बघा

सात महिने हा सेट वापरतोय, जमिनीची थरथर टिपणारे ४.५ हर्ट्झचे २४ जिओफोन, केबल, रेकॉर्डर आणि सोबतचं सॉफ्टवेअर. काम एकच, जमिनीतून शिअर वेव्ह, म्हणजे जमीन आडवी हलवणारी लाट, किती वेगाने जाते ते काढायचं आणि वरच्या ३० मीटरसाठी निघणाऱ्या एका वेगावरून, म्हणजे व्हीएस३० वरून, भूकंपात जमीन कशी हलेल ते सांगणारा साइटचा क्लास ठरवायचा, तेही बोअर न मारता. दोन-दोन मीटरवर जिओफोन रोवायचे, टोकाला लोखंडी प्लेट ठेवून आठ किलोच्या घणाने ठोकायचं. जमिनीवरून धावणाऱ्या लाटांपैकी लांब लाटा खोलवर पोचतात, आखूड वरवरच राहतात, म्हणून प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेग वेगळा मिळतो आणि त्यावरून सॉफ्टवेअर थर उलगडतं.

हार्डवेअरबद्दल तक्रार नाही. राग आहे तो सॉफ्टवेअरवर. ते नेहमी ३० मीटरपर्यंत छान रंगीत चित्र काढून देतं, खाली डेटा असो वा नसो! पहिले दोन महिने मी तेच रिपोर्टला लावत होतो, मग एका साइटवर सहज हिशोब केला. १० हर्ट्झच्या खाली घणाचा सिग्नल मेलेला, आणि १० हर्ट्झला वेग होता २८० मीटर प्रति सेकंद, म्हणजे लाटेची लांबी २८ मीटर. ढोबळ नियमाने त्याच्या निम्म्या खोलीपर्यंतच भरवसा, म्हणजे १४ मीटर. उरलेले १६ मीटर सॉफ्टवेअरने स्वतःच्या मनाने भरलेले. तिथे परत गेलो, जिओफोन चार-चार मीटरवर लावले आणि घण न मारता नुसती रस्त्याची घरघर रेकॉर्ड केली, तेव्हा कुठे ५ हर्ट्झपर्यंत वेगाचा वक्र नीट दिसला. फक्त यात एक भानगड आहे, घरघर ओळीच्या तिरकस आली की वेग खोटाच जास्त दिसतो, म्हणून शक्य असेल तिथे मी आता काटकोनात दोन ओळी लावतो.

दुसरी चूक सहकाऱ्याची, पण मीही केली असती. एका जागेवर बोअर आधीच होतं, त्यात मोजलेलं सरळ होतं: वर ८ मीटर मऊ चिकणमाती, वेग १३०, खाली २२ मीटर घट्ट थर, वेग ५००. त्याने एक्सेलमध्ये जाडीनुसार सरासरी काढली, आली ४०१, म्हणजे सी क्लास (३६० ते ७६०). पण सरासरी वेगाची नाही, लाटेला लागलेल्या वेळेची काढायची असते:

```
Vs30 = 30 / (8/130 + 22/500) = 284
```

२८४, म्हणजे डी क्लास, एक पायरी मऊ. मऊ थर जाडीने पाव भाग, पण निम्म्याहून जास्त वेळ लाट त्यातच रखडते.

आणि रखडते म्हणूनच भूकंपाचा हादरा वाढतो. खालून येणारी ऊर्जा तेवढीच, वेग घटला की ती हेलकाव्यात जाते, घनता सारखी धरली तरी ५०० वरून १३० वर येताना हेलकावा साधारण दुप्पट होतो. वर लाट जमिनीचा पृष्ठभाग आणि घट्ट थर यांच्या मध्ये अडकून ये-जा करत राहते, ते वेगळंच. त्या ये-जा करण्याचा काळ चार गुणिले जाडी भागिले वेग, इथे ०.२५ सेकंद, म्हणजे सर्वात जास्त मार दोन-तीन मजली घरांना, कारण त्यांचा स्वतःचा डोलण्याचा काळ साधारण तेवढाच असतो. आता समजा दुसऱ्या जागी ६० मीटरपर्यंत एकसारखी २८४ वेगाची माती आहे. व्हीएस३० तोच, क्लास तोच, पण काळ ०.८५ सेकंद, आणि तिथे हलणार आठ-नऊ मजली इमारती. हे क्लासच्या अक्षरात कुठेच दिसत नाही.

मेक्सिको सिटीत १९८५ ला हेच झालं. भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून लांब, शहरातल्या कठीण जमिनीवर हादरा किरकोळ, पण जुन्या तळ्याच्या गाळावर जवळपास पाचपट. गाळ ४० मीटरच्या आसपास, वेग ७५-८०, काळ दोन सेकंद, आणि जास्त पडल्या त्या मधल्या उंचीच्या इमारती. हादरे बसत गेले तशा त्या आणखी लवचिक होऊन दोन सेकंदाच्या जवळ सरकल्या असाव्यात, असं मानतात.

म्हणून आता सेटबरोबर तीन दिशांनी मोजणारा एक सेन्सर नेतो, अर्धा-पाऊण तास शांत ठेवून आडव्या आणि उभ्या थरथरीचं गुणोत्तर बघतो. चिकणमातीच्या त्या जागेवर या गुणोत्तराचं शिखर ४ हर्ट्झच्या जवळ आलं, म्हणजे काळ ०.२५ सेकंद, बोअरच्या हिशोबाशी जुळलं. जिथे जुळत नाही तिथे थरांचं चित्र परत उलगडायला घेतो. आणि सॉफ्टवेअरच्या चित्रावर, जिथे डेटा संपतो तिथे, पेनने आडवी रेघ मारूनच पुढे देतो.