कॅलिबर, काही महिन्यांनंतर: पीडीएफचा ईपब होतो, वेलांटी मात्र भटकते

मराठी पीडीएफचा ईपब करायला कॅलिबर हे ई-पुस्तकांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि काम पटकन उरकतं. तरी सुरुवातीला पाचांतले दोनच तारे दिले होते, कारण नव्या फाइलीत 'माहिती'ची 'मािहती' आणि 'स्थिती'ची 'िस्थती' झाली होती. आता चार देतो. खरा गुन्हेगार पीडीएफ आहे.

खात्री करायची असेल तर मूळ पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये चिकटवा. तिथेच वेलांटी सरकलेली दिसली तर रूपांतराच्या सेटिंग्ज चाळण्यात वेळ घालवू नका. अशा पीडीएफमधून अक्षरं पानावर दिसतात त्या क्रमाने बाहेर येतात. पहिली वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी, पण युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवावी लागते. आणि चिकटवल्यावर देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा चिवडा आला, तर मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटातला आहे. त्याला त्या फाँटाचाच कन्व्हर्टर लागतो, पुढचा उपाय चालणार नाही.

ईपब कॅलिबरच्या Edit book मध्ये उघडा, शोधाचा प्रकार Regex आणि व्याप्ती All text files ठेवा.

```
Find:    ि((?:[क-ह]्\u200d?)*[क-ह])
Replace: \1ि
```

वेलांटी एका व्यंजनावरून नव्हे, अख्ख्या जोडाक्षरावरून उडी मारते, म्हणून 'िस्थती'ची थेट 'स्थिती' होते. पण Replace all एकदाच दाबायचं! दुसऱ्यांदा दाबलंत तर बरी झालेली 'माहिती' 'माहतिी' होते. हाच या उपायाचा सगळ्यात चीड आणणारा भाग. 'किव' म्हणजे बिघडलेला 'कवि' की बरोबर लिहिलेलं काहीतरी, हे रेजेक्सला कळण्याचा मार्गच नाही. त्यामुळे आधी चेकपॉइंट घ्या, आणि निम्मी प्रकरणं बरोबर, निम्मी बिघडलेली असतील तर बिघडलेल्या फाइलींपुरतंच चालवा. वाचताना दिसणारं ठिपक्यांचं वर्तुळ शोधत बसू नका. ते बहुधा फाइलीत नसतंच, बिनआधाराची मात्रा दाखवताना स्क्रीनवर उमटतं.

रफाराचं दुखणं वेगळं. 'वर्षात'चं 'वषार्त' होतं, आणि 'आर्थिक' तर 'आिथर्क' होऊन येतं, वरचा उपाय केल्यावर 'आथिर्क'. इथे रेजेक्स सरसकट लावला तर 'पदार्थ', 'मार्ग' यांसारखे चांगले शब्दही मोडतील. म्हणून पुस्तकाची भाषा मराठी करा, मराठी शब्दकोश जोडा आणि Tools मधलं Check spelling उघडा. न ओळखलेले शब्द किती वेळा आले त्या आकड्यासह दिसतात, आणि एक शब्द दुरुस्त केला की पुस्तकभर बदलतो. हे मात्र वेलांटी जागेवर आणल्यावरच, नाहीतर यादी आवरत नाही.

शेवटी सफाईच्या भरात अदृश्य अक्षरं सरसकट पुसू नका. U+200D गेलं, तर र-हलंत-जोडक अशा पद्धतीने टाइप केलेल्या 'दुसर्‍या'चं 'दुसर्या' होतं.