चावीचं घड्याळ: नुसतं तेल टाकायचं की पूर्ण खोलून घ्यायचं?

तालुक्याच्या बाजारात घड्याळवाल्यापुढे जुनं एचएमटी ठेवलं की तो हमखास विचारतो, "भाऊ, नुसतं तेल टाकू का पुरं खोलू?" दोन्हींच्या पैशांत बराच फरक असतो, म्हणून बहुतेक जण तेलावर भागवतात. माझं मत उलट आहे.

आधी किती वर्षांनी खोलायचं, ते बघू. रोलेक्स आपल्या घड्याळांसाठी साधारण दहा वर्षं सांगते, ओमेगा पाच ते आठ. हे आकडे घट्ट बंद होणाऱ्या केसचे आणि आजच्या कृत्रिम तेलांचे. एचएमटी जनतासारख्या जुन्या घड्याळात चावीच्या दांड्याजवळून धूळ आत जाते, आणि कापूस-तुरीच्या शेतात धुळीला तोटा नाही. रोज हातावर असेल तर तीन-चार वर्षं धरा. पेटीत पडून असलं तरी तेल वाळतंच. असं घड्याळ रोज वापरायला काढायचं असेल, तर आधी खोलून घ्या.

आता तेल टाकण्याबद्दल. यात मागचं झाकण काढून मशीन जसंच्या तसं पेट्रोलमध्ये बुडवतात, फुंकर मारतात आणि चाकांची टोकं ज्यांत फिरतात त्या खड्यांपैकी दिसतील त्यांवर थेंब सोडतात. घड्याळ लगेच चालू लागतं, गिऱ्हाईक खूश होतं. पण सुटलेली घाण खड्याच्या भोकात तशीच राहते, नव्या तेलात कालवली जाते आणि चाकांची सुईसारखी टोकं पॉलिश पेपरसारखी घासत बसते. मेन स्प्रिंग ज्या डबीत असते ती उघडलेलीच नसते, त्यामुळे तिथलं वाळलेलं ग्रीस जागच्या जागी राहतं. थेंब जास्त झाला आणि केसासारख्या हेअरस्प्रिंगवर ओघळला, तर तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळतं.

पूर्ण ओव्हरहॉल म्हणजे काय, ते काकांच्या जनताचं काम शेजारी बसून पाहिलं तेव्हा नीट कळलं. घड्याळ आडवं ठेवलं की दिवसाला जेमतेम मिनिटभर मागे पडायचं, हातावर मात्र चार मिनिटं, आणि रात्री चावी दिली तरी दुसऱ्या संध्याकाळी बंद. घड्याळवाल्याने आधी स्प्रिंगचा ताण हळूच सोडला. तो न सोडता पॅलेट, म्हणजे चाकांना अडवून एकेक दात सोडणारा भाग, काढला तर चाकं एकदम गरगरतात आणि दात किंवा टोकं मोडतात. मग काटे, तबकडी, झुलणारं बॅलन्स चाक, पॅलेट, चाकं धरणारे पूल आणि चाकं अशी एकेक वस्तू काढून झाकणाच्या डब्यात ठेवली. मधल्या चाकाच्या खड्याभोवती काळं कडं जमलं होतं. स्प्रिंगची डबी उघडली तर आत ग्रीसची तपकिरी पापडी.

सगळे भाग धुतल्यावर प्रत्येक खड्याचं भोक टोकदार लाकडी काडीने फिरवून साफ केलं. काडी स्वच्छ निघत नाही तोवर ते साफ असं त्याने मानलंच नाही. नंतर चाकांची टोकं भिंगाखाली तपासली. जोडताना तेलही एकच नव्हतं. स्प्रिंगला ग्रीस, हळू फिरणाऱ्या चाकांना घट्ट तेल, वेगवान चाकांना आणि बॅलन्सला पातळ. पॅलेटच्या टोकांना तेल दिलंच नाही, कारण तिथे ते उलट चाल जड करतं. मग वेळ लावून चार दिवस आडवं-उभं ठेवून बघितलं. आता ते दिवसाला वीस-पंचवीस सेकंद मागे राहतं आणि एका चावीत दीड दिवस चालतं.

तुमच्या घड्याळाला याची गरज आहे का, हे घरीच कळतं. पूर्ण चावी द्या, मोबाइलशी वेळ जुळवा. एक दिवस तबकडी वर करून आडवं ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा चावी भरून, चावी खाली करून उभं ठेवा. दोन्हींत दोन-तीन मिनिटांचा फरक पडला, किंवा चोवीस तासांच्या आत बंद पडलं, तर खोलायची वेळ झाली. अचानक खूप पुढे पळू लागलं असेल तर आधी चुंबकाचा असर तपासून घ्या. स्पीकरजवळ ठेवलेल्या घड्याळाचं असं होतं, आणि तो असर घड्याळवाला मिनिटभरात उतरवतो. त्यासाठी ओव्हरहॉल लागत नाही.

पावसाळ्यात काचेच्या आतून वाफ दिसली तर मात्र वर्षं मोजू नका, त्याच आठवड्यात खोलून घ्या. पोलादी दांड्याला गंज चढायला वेळ लागत नाही.

तेल टाकणं मला एकाच ठिकाणी पटतं: घड्याळ सुट्या भागांसाठीच ठेवलंय आणि ते चालतं का एवढंच बघायचंय. जुन्या एचएमटीच्या झिजलेल्या चाकाचा नवा भाग सहज मिळत नाही, दुसऱ्या जुन्या घड्याळातून काढावा लागतो. म्हणून काम देताना एवढंच विचारा: "स्प्रिंगची डबी उघडणार का, आणि बदललेला भाग परत देणार का?" पहिल्याचं उत्तर नाही आलं, तर ते ओव्हरहॉल नाही आणि त्याचे पैसेही ओव्हरहॉलचे देऊ नका.