hqdn3d काही महिने वापरल्यावर: शून्य लिहिलं म्हणजे बंद झालं असं नाही

व्हिडिओतले लाल-हिरवे ठिपके घालवायला पैसे मोजायची माझी तयारी नव्हती. एका एडिटरच्या फुकट आवृत्तीत नॉइज काढला की चित्रभर वॉटरमार्क उमटतो. तो पाहून डोकं फिरलं आणि ffmpeg हे कमांड लिहून चालवायचं फुकट साधन धरलं. आता देवळातल्या काकडआरतीपासून बारशापर्यंत सगळं त्यातूनच काढतो.

आधी मी त्यातल्या nlmeans या नॉइज काढणाऱ्या फिल्टरच्या प्रेमात होतो. फ्रेम थांबवून पाहिली तर भिंत गुळगुळीत, चेहरे स्वच्छ. प्ले केलं की तीच भिंत रटरटणाऱ्या पिठल्यासारखी हलायची, कारण हा फिल्टर प्रत्येक फ्रेम सुटी साफ करतो, आधीच्या फ्रेमकडे बघतच नाही. वर माझ्या जुन्या लॅपटॉपवर एवढा रेंगाळतो की वीजबिल आठवतं. म्हणून जुनाट समजून बाजूला ठेवलेल्या hqdn3d या त्यातल्याच दुसऱ्या फिल्टरकडे वळलो, आणि आता तोच कायमचा झालाय.

त्याला चार आकडे द्यायचे: फ्रेममधल्या उजेडाची सफाई, फ्रेममधल्या रंगाची, मग याच दोन्ही आधीच्या फ्रेमशी मिसळून. काकूंच्या नऊवारीच्या काठावरची जरीची नक्षी उजेडाच्या फरकातून दिसते, रंगातून नाही. रंग तर फोन मुळातच निम्म्या रुंदी-उंचीत साठवतो. त्यामुळे रंग बिनधास्त घासावा आणि उजेडाला फ्रेमच्या आत जवळपास हात लावू नये.

```
ffmpeg -i kakad.mp4 -vf "hqdn3d=0.5:5:3:8" -c:v libx264 -crf 18 -c:a copy saaf.mp4
```

आता माझा खरा राग. पहिला आकडा 0.5 का, 0 का नाही? कारण 0 दिलं की फिल्टर ते 'काही दिलंच नाही' असं धरतो आणि स्वतःचा 4 लावतो! जरीची नक्षी पुसली जाते, आणि कमांडमध्ये तर 0 दिसतोय. एवढ्या वर्षांच्या फिल्टरमध्ये बंद करायला साधा शून्य चालू नये?

शेवटचा 8 स्थिर कॅमेऱ्याला छान. पण टाळकऱ्याचं भगवं उपरणं काळोख्या भिंतीसमोर हललं की मागे केशरी शेपूट राहतं. तिथे 4-5 वर या. आधी इनपुटपूर्वी `-ss 40 -t 10` देऊन हलचाल असलेले दहा सेकंद तपासा. मूळ आणि साफ व्हिडिओ `blend=all_mode=difference` ने वजा करून पाहा: निघालेल्या कचऱ्यात नुसते दाणे असले तर ठीक, काठाची नक्षी दिसली तर जास्त घासलंय.

अगदी अंधारातल्या शॉटमध्ये मात्र फोनने आधीच चेहरे मेणासारखे केलेले असतात, दाण्यांचे मोठे डाग होतात. ते डाग या फिल्टरने जात नाहीत, आकडे वाढवले तर उरलासुरला काठही जातो. तसे शॉट मी आता आहेत तसेच ठेवतो.