आगाऊ रकमेवरचा जीएसटी: रिसीट व्हाउचर काढावे की त्याच दिवशी टॅक्स इनव्हॉइस?

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आमचे छोटे कार्यालय आहे आणि रबाळे, महापे या पट्ट्यातील कारखान्यांचे इलेक्ट्रिकल सेफ्टी ऑडिट आम्ही करतो. काम सुरू करण्यापूर्वी एक तृतीयांश रक्कम आगाऊ घेण्याची आमची पद्धत आहे. ही रक्कम कागदावर कशी दाखवायची, याचे दोन मार्ग आहेत. पैसे आल्यावर रिसीट व्हाउचर काढून कर भरायचा आणि काम संपल्यावर पूर्ण रकमेचे बिल देऊन आधीचा कर वळता करून घ्यायचा, हा पहिला. आलेल्या रकमेपुरते टॅक्स इनव्हॉइस लगेच द्यायचे आणि शेवटी फक्त उरलेल्या रकमेचे बिल काढायचे, हा दुसरा. पहिल्या मार्गाने मी सुमारे अडीच वर्षे चाललो, दुसऱ्याने त्याहून अधिक काळ चालत आहे, त्यामुळे खालचे मत कितपत तटस्थ आहे ते वाचकांनीच ठरवावे.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. बिल काढले नाही म्हणजे कर लागत नाही, असे अजूनही अनेक सेवा व्यावसायिक समजतात. मालाच्या आगाऊ रकमेवरचा कर नोव्हेंबर २०१७ पासून काढून टाकण्यात आला, पण सेवेला ती सवलत मिळालेली नाही. कलम १३ प्रमाणे वेळेत बिल दिले असेल तर बिलाची तारीख आणि पैसे मिळाल्याची तारीख यांपैकी जी आधी येईल ती पुरवठ्याची वेळ ठरते. पैसे मिळाल्याची तारीख म्हणजे आपल्या वहीतील नोंद किंवा बँकेत जमा झाल्याचा दिवस, यांपैकी जो आधीचा असेल तो. म्हणजे कोणताही मार्ग घेतला तरी कर भरण्याचा महिना तोच राहतो. प्रोफॉर्मा बिल देऊन पैसे घेतले तरीही त्यात फरक पडत नाही.

मग निवड कशाची करायची? कागदाची, आणि त्या कागदामुळे पुढे होणाऱ्या त्रासाची.

एक उदाहरण घेतो. सहा लाखांचे काम, त्यावर १८ टक्के म्हणजे १,०८,००० रुपये कर. कारखान्याने २७ मार्चला २,००,००० अधिक ३६,००० कर एवढी आगाऊ रक्कम मंजूर केली. बँकेत मात्र २,१६,००० आले, कारण त्यांनी दोन लाखांवर १० टक्के टीडीएस कापला. येथेच पहिली चूक होते. बँकेतील आकडा करासहित धरून १८/११८ ने मागे मोजले तर कर ३२,९४९ येतो आणि ३,०५१ रुपये कमी भरले जातात. कापलेला टीडीएस हाही आपल्याला मिळालेल्या मोबदल्याचाच भाग आहे, त्यामुळे आगाऊ रक्कम २,३६,००० धरावी लागते आणि कर ३६,००० च होतो. हे दोन्ही मार्गांना सारखेच लागू आहे.

आता व्हाउचरचा मार्ग पाहा. मार्चच्या GSTR-1 मध्ये 11A या तक्त्यात दोन लाख आणि ३६,००० दाखवायचे आणि तो कर २० एप्रिलपर्यंत GSTR-3B मधून भरायचा. जूनमध्ये काम संपले की सहा लाखांचे पूर्ण बिल द्यायचे, ते ग्राहकाच्या जीएसटी क्रमांकासह दाखवायचे आणि त्याच महिन्यात 11B मध्ये दोन लाख वळते करायचे. म्हणजे जूनसाठी ७२,००० भरायचे राहतात. आगाऊ रक्कम आणि बिल एकाच महिन्यात आले तर 11A ची गरजच पडत नाही, म्हणून ज्यांची कामे पंधरा दिवसांत उरकतात त्यांना हा लेख वाचण्याचेही फारसे कारण नाही.

कागदावर हे सारे सरळ दिसते. मला ज्या गोष्टीने या मार्गापासून दूर नेले ती 11A आणि 11B यांच्या रचनेतच आहे. या तक्त्यांत ग्राहकाचे नाव जात नाही, व्हाउचरचा क्रमांक जात नाही, तारीखही जात नाही. पुरवठ्याचे राज्य आणि कराचा दर एवढ्यावरच एकत्रित आकडा भरायचा असतो. महाराष्ट्रातील, १८ टक्के दराच्या पाच ग्राहकांच्या आगाऊ रकमा एका महिन्यात आल्या तर पोर्टलवर एकच ओळ राहते. पुढे कोणाचे बिल एप्रिलमध्ये निघते, कोणाचे ऑगस्टमध्ये, आणि प्रत्येक वेळी त्या एका ओळीतून कोणाचा किती भाग वळता करायचा हे फक्त आपल्या वहीलाच माहीत असते. ती वही चुकली तर पोर्टल काहीही सांगत नाही.

आमची वही एकदा चुकली. जूनचे पूर्ण बिल निघाले, रिटर्न भरले गेले आणि 11B रिकामा राहिला. त्यामुळे मार्चमध्ये भरलेले ३६,००० तसेच पडून राहिले आणि जूनमध्ये पूर्ण १,०८,००० पुन्हा गेले. नोटीस नाही, इशारा नाही, कारण जास्त भरणाऱ्याला कोण विचारणार? ऑक्टोबरमध्ये खात्यांची जुळवणी करताना ‘आगाऊ रकमेवरील जीएसटी’ या खात्यात एक शिल्लक दिसली जिचा कोणाशीच मेळ बसेना. दोन संध्याकाळी बँक स्टेटमेंट, व्हाउचरची फाइल आणि सहा महिन्यांची रिटर्न टेबलावर पसरून बसल्यावर ती रक्कम सापडली आणि पुढच्या रिटर्नमध्ये वळती करता आली. चूक पूर्णपणे आमची होती, हे मान्य. पण ती उघड होण्याची सोय व्यवस्थेत कोठेच नव्हती, ही गोष्ट मला जास्त बोचली.

दुसरा त्रास ग्राहकाकडून येतो. रिसीट व्हाउचर हा इनपुट क्रेडिट घेण्याचा दस्तऐवज नाही आणि तो त्याच्या GSTR-2B मध्ये उमटत नाही. महाप्याच्या एका कारखान्यातील अकाउंट्सच्या मॅडम मला दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या सुमारास फोन करीत, “साहेब, छत्तीस हजार जीएसटी आम्ही दिला, पण टूबीला तुमची एन्ट्रीच नाही.” मी व्हाउचर, 11A, वळते करणे हे सगळे समजावून सांगत असे, त्या शांतपणे ऐकून घेत आणि पुढच्या महिन्यात पुन्हा फोन करीत. त्यांचीही चूक नव्हती, कारण त्यांच्या वरिष्ठांना टूबीतील ओळच हवी होती.

इनव्हॉइसच्या मार्गात २७ मार्चला दोन लाख अधिक ३६,००० चे टॅक्स इनव्हॉइस निघते आणि ते त्या ग्राहकाच्या नावासह, बिल क्रमांकासह GSTR-1 मध्ये जाते. जूनमध्ये चार लाख अधिक ७२,००० चे दुसरे बिल जाते. वळते करण्यासाठी काही उरतच नाही. सेवा देण्यापूर्वी बिल काढता येते का, अशी शंका काही जण घेतात, परंतु कलम ३१ मध्ये सेवेचे बिल सेवा देण्यापूर्वी किंवा नंतर काढता येईल असे स्पष्ट म्हटले आहे. आगाऊ रक्कम मिळाल्यावर रिसीट व्हाउचर द्यावे, हेही त्याच कलमात आहे, म्हणून मी एक व्हाउचर काढून त्यावर बिलाचा क्रमांक लिहून फाइलला ठेवतो. बिल त्याच महिन्यात निघालेले असल्याने ते व्हाउचर 11A मध्ये जात नाही. ग्राहकाला मात्र प्रामाणिकपणे सांगावे लागते की टूबीत ओळ दिसली तरी सेवा मिळाल्याशिवाय क्रेडिट घेण्याचा हक्क त्याला नाही. महाप्याच्या त्या मॅडमनी ते नीट नोंदवून घेतले, फोन मात्र थांबले.

या मार्गालाही काटे आहेत. पैसे मागण्यासाठीच टॅक्स इनव्हॉइस पाठवले तर बिलाची तारीख आधी येते आणि पैसे हातात नसताना कर भरावा लागतो. सुरुवातीच्या उत्साहात मी हे एकदा केले, महिनाअखेरीस बिल पाठवले आणि पैसे सत्तर दिवसांनी आले. तेव्हापासून मागणी प्रोफॉर्मावर आणि टॅक्स इनव्हॉइस पैसे जमा होतील त्याच दिवशी, असा क्रम ठेवला आहे. शिवाय तो दिवस हुकून चालत नाही. ३१ मार्चला संध्याकाळी पैसे जमा झाले आणि बिल २ एप्रिलला निघाले तर पुरवठ्याची वेळ मार्चचीच राहते, आणि ज्या 11A पासून सुटका हवी होती तेथेच परत जावे लागते.

काम रद्द झाले तर काय, हा प्रश्न मी निवड करताना बराच वेळ तोलला होता. व्हाउचर दिले असेल आणि बिल निघाले नसेल तर रिफंड व्हाउचर काढून पैसे परत करायचे आणि भरलेला कर RFD-01 मध्ये ‘जादा भरलेला कर’ म्हणून दोन वर्षांच्या आत मागायचा, अशी वाट १३ एप्रिल २०२० च्या परिपत्रकाने सांगितली आहे. बिल दिले असेल तर क्रेडिट नोट काढावी लागते, तिला पुढील आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरची मर्यादा आहे (वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले तर ते भरल्याची तारीख), आणि ग्राहकाने क्रेडिट घेतले असेल तर त्याने ते परत केल्याशिवाय आपली देयता कमी होत नाही. ग्राहक ओळखीचा आणि वहीचा पक्का असेल तर क्रेडिट नोट सोपी, असा माझा अनुभव आहे. माझी एकच अशी वेळ आली आणि ती त्याच महिन्याच्या रिटर्नमध्ये मिटली, कारण इतर बिलांचा कर भरायचा होताच. ग्राहक तुटक असेल तर याच्या उलटही घडू शकेल.

त्यामुळे ज्यांचे ग्राहक नोंदणीकृत नाहीत, घरगुती इंटिरियर किंवा समारंभाची सजावट करणारे, ज्यांची कामे वरचेवर रद्द होतात किंवा महिन्याला दोन-तीनच आगाऊ रकमा येतात, त्यांनी व्हाउचरचा मार्ग धरला तर मी त्यांना चूक म्हणणार नाही. टूबीचा प्रश्न त्यांना येत नाही आणि दोन-तीन ओळी कोणाच्याही लक्षात राहतात. कोणत्या सेवेसाठी पैसे आले हेच ठरलेले नसेल तर व्हाउचरच बरे. अशा वेळी दर कळत नसल्यास १८ टक्के आणि पुरवठ्याचे स्वरूप कळत नसल्यास आंतरराज्य, असे धरायचे हे नियम ५० मध्येच सांगितले आहे. परंतु नोंदणीकृत कारखाना, ठरलेले काम, आणि आगाऊ रक्कम ते शेवटचे बिल यांत तीन-चार महिन्यांचे अंतर, अशी परिस्थिती असेल तर मला इनव्हॉइसचाच मार्ग अधिक निवांत वाटतो.

आमच्याकडे आता महिन्याच्या शेवटच्या दिवशी रात्री आठ वाजता एक जण बँकेचे स्टेटमेंट उघडून बसतो आणि त्या दिवशी आलेल्या प्रत्येक आगाऊ रकमेचे बिल निघाल्याशिवाय उठत नाही.